पत्र्याच्या शेडमधला पेट्रोलचा कॅन का फुगतो?

प्रश्न: यावल तालुक्यात केळी आणि कापूस आहे. फवारणी पंपासाठी पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल ठेवतो. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये तो कॅन फुगून टम्म होतो, झाकण सैल केलं की फुस्स करून वाफ निघते. शेजारी पाण्याचा आणि घासलेटचा कॅन असतो, ते जागच्या जागी. घासलेट पाण्यावर तरंगतं, पेट्रोलसारखंच तेल आहे, मग ते पाण्यापेक्षाही हळू का उडतं? आणि महिनाभर पडलेल्या पेट्रोलवर थंडीत पंप लवकर सुरू होत नाही, त्याचं कारण हेच का?

उत्तर:

भाऊ, तरंगण्याचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. एखादा द्रव पाण्यावर तरंगतो म्हणजे त्याच्या एका लिटरचं वजन कमी आहे, एवढंच. त्याचा उडण्याशी थेट संबंध नाही. द्रवातले रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर उडणं ठरतं. ती पकड मोजायची सरळ पद्धत म्हणजे बाष्पदाब. मी बरीच वर्षं इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत हेच मोजत आलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये खाली पेट्रोल आहे आणि वर रिकामी जागा. पृष्ठभागावरचे जोरात हलणारे रेणू सुटून वर जातात. वरच्या जागेत गर्दी वाढते तसे त्यातले काही परत खाली येतात. थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्या वेळी वरच्या जागेत फक्त पेट्रोलच्या वाफेचा जो दाब असतो, तो त्या तापमानाचा बाष्पदाब. शुद्ध द्रव असेल तर तो तळाशी वाटीभर आहे की पाऊण कॅन, याने हा आकडा बदलत नाही. तापमान वाढलं की मात्र तो झपाट्याने चढतो. पेट्रोल हे मिश्रण असल्यामुळे त्याच्या बाबतीत रिकाम्या जागेचा थोडा फरक पडतो, त्याकडे पुढे येतो.

प्रयोगशाळेत यासाठी रीड पद्धत आहे. धातूच्या दोन कुप्या असतात, एक नमुन्याची आणि दुसरी तिच्या चौपट आकाराची, हवेची. नमुना आधी बर्फात शून्य ते एक अंशावर थंड करतात, नाहीतर ओततानाच हलका भाग उडून जातो आणि आकडा खोटा येतो. मग दोन्ही कुप्या जोडून 37.8 अंशांच्या पाण्यात बुडवायच्या, अधूनमधून काढून जोरात हलवायच्या आणि काटा स्थिर झाला की दाब वाचायचा. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलला यात जास्तीत जास्त 60 किलोपास्कलची मर्यादा असते. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 100 किलोपास्कल धरा. त्याच 37.8 अंशांना पाण्याचा बाष्पदाब साधारण साडेसहा असतो आणि घासलेटचा एकाहूनही कमी.

आता हे आकडे तुमच्या शेडमध्ये लावून बघू. पहाटे 25 अंशांना तुम्ही झाकण उघडून बंद केलं. त्या वेळी कॅनच्या आत एकूण दाब बाहेरइतकाच, म्हणजे 100. त्यात पेट्रोलच्या वाफेचा वाटा साधारण 37 आणि उरलेले 63 हवेचे. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली कॅन 50 अंशांपर्यंत तापला तर आत अडकलेल्या हवेचा दाब 63 वरून 68 च्या आसपास जातो, कारण गरम हवा प्रसरण पावू बघते. पेट्रोलची वाफ मात्र 37 वरून जवळजवळ 92 ला पोहोचते. दोन्ही मिळून 160. बाहेर 100 आहे, म्हणजे कॅनच्या भिंतीवर आतून 60 चा जास्तीचा रेटा. वीस गुणिले पंचवीस सेंटिमीटरच्या एका बाजूवर हा रेटा सुमारे 300 किलो वजनाइतका होतो. प्लास्टिक ताणून कॅन फुगतो, त्यामुळे आतली जागा वाढते आणि प्रत्यक्ष दाब याहून बराच कमी राहतो. फुगणं दिसतं त्याचं कारण हे.

पाण्याच्या कॅनचा हाच हिशोब करा. पहाटे वाफेचा वाटा जेमतेम 3, बाकी 97 हवा. दुपारी हवा 105, वाफ 12, एकूण 117. घासलेटमध्ये वाफेचा वाटा पहाटे नगण्य आणि दुपारीही एकाच्या आसपास, म्हणून एकूण 109, आणि तेही जवळजवळ सगळं तापलेल्या हवेमुळे. म्हणजे त्या दोन कॅनवरही दाब येतो, फक्त तो डोळ्यांना दिसावा इतका नसतो. संध्याकाळी झाकण उघडताना नीट कान दिलात तर पाण्याच्या कॅनचाही बारीक आवाज ऐकू येईल.

हे आकडे गोळाबेरीज आहेत. पेट्रोल कुठल्या हंगामात बनलं, त्यात इथेनॉल किती, कॅन किती भरलेला, ऊन थेट लागतं की नाही, यावर ते खालीवर होतात. तिघांचा क्रम मात्र बदलत नाही.

आता हा क्रम असा का, याकडे वळू. पाणी मधे आणि घासलेट त्याच्याही खाली, हे विचित्र वाटणं साहजिक आहे.

पाण्याचा रेणू अगदी लहान, वजन 18. जवळपास तेवढ्याच वजनाचा मिथेन, वजन 16, उणे 161 अंशांनाच उकळतो. आपल्या हवेत तो वायूच असतो. वजनाच्या न्यायाने पाणीही वायूच असायला हवं होतं. पण पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरतो. या हायड्रोजन बंधांमुळे पाणी द्रव राहतं आणि 100 अंशांपर्यंत उकळत नाही.

पेट्रोल आणि घासलेट यांच्यात असे बंध नसतात. ते कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचे रेणू असतात आणि त्यांची एकमेकांवरची ओढ ठिकठिकाणी अगदी कमजोर असते. पण साखळी जितकी लांब, तितक्या जास्त ठिकाणी ती शेजारणीला चिकटते. गोणपाटाला गोखरूचा एक काटा लागला तर बोटाने निघतो, शंभर लागले तर गोणपाट सोडवता सोडवत नाही, तसंच हे. एकेक ओढ किरकोळ, पण बेरीज मोठी.

ही बेरीज आकड्यांत पाहण्यासारखी आहे. 20 अंशांना पाच कार्बनच्या पेंटेनचा बाष्पदाब सुमारे 57 किलोपास्कल. सहा कार्बनचा हेक्सेन घेतला की तो 16 वर येतो. सात कार्बनच्या हेप्टेनचा पाचाच्याही थोडा खाली, आठ कार्बनच्या ऑक्टेनचा दीडच्या आत. दर कार्बनामागे आकडा साधारण तीन-चार पटीने घसरतो. दहा कार्बनांपर्यंत पोचलो की तो एका किलोपास्कलच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो. त्याच तापमानाला पाण्याचा आकडा आहे 2.3. म्हणजे या रांगेत पाणी बरोबर सात आणि आठ कार्बनांच्या मधे बसतं.

तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. पेट्रोलमध्ये साधारण चार ते बारा कार्बनांचे रेणू मिसळलेले असतात. त्यातला चार, पाच, सहा कार्बनांचा हलका भाग पाण्याच्या खूप वर आहे, आणि कॅन फुगवतो तो हाच भाग. घासलेट साधारण दहा ते सोळा कार्बनांचं, म्हणजे ते सगळंच्या सगळं पाण्याच्या खाली येतं. दोन्ही एकाच कच्च्या तेलातून आले तरी त्यांचे तुकडे वेगळे. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: पेट्रोलचाही जड भाग, नऊ-दहा कार्बनांच्या पुढचा, पाण्याच्या खालीच बसतो. पेट्रोल ही एकच वस्तू नाही. त्याची पहिली वाफ आणि शेवटचा थेंब यांचा स्वभाव वेगळा असतो.

इथेनॉलबद्दलही लिहितो, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते असतंच. एकटं इथेनॉल फार उडणारं नाही. 20 अंशांना त्याचा बाष्पदाब सहाच्या आत आहे, कारण त्याचे रेणूही पाण्यासारखे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. पण पेट्रोलमध्ये थोडंसं मिसळलं की प्रत्येक इथेनॉलच्या रेणूभोवती साखळ्याच साखळ्या येतात, हात धरायला आपला कोणी सापडत नाही आणि तो सहज सुटतो. म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा काही किलोपास्कलने वर जातो. पकडीचा हिशोब पटायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

उघड्या ताटलीत काय होतं, ते थोडं वेगळं आहे. तिथे बाष्पदाबाबरोबर आणखी दोन गोष्टी येतात. पहिली उष्णता. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 जूल लागतात, पेट्रोलला साधारण 350. उडताना पाणी स्वतःलाच इतकं गार करतं की त्याचा वेग आपोआप कमी होतो. भुसावळला 44 अंश असताना ओल्या माठातलं पाणी पंचविशीच्या आत येतं ते यामुळेच. माठाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा बाष्पदाब हवेच्या 44 अंशांचा नसतो, त्याच्या स्वतःच्या कमी तापमानाचा असतो.

दुसरी गोष्ट हवेतला ओलावा. हवेत आधीच पाण्याची वाफ असते आणि ती परत पाण्यात येत राहते. मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात कुलर जोरात गार करतो आणि श्रावणात तोच कुलर नुसती दमट हवा फेकतो. पेट्रोलला ही अडचण कधीच नाही, कारण बाहेरच्या हवेत पेट्रोलची वाफ नसते. म्हणून पावसाळ्यात ओल्या फडक्यावरचं पाणी दिवसभर सुकत नाही, पण पेट्रोलचा डाग तेव्हाही मिनिटांत जातो. पेट्रोल पाण्यापेक्षा किती पटीने लवकर उडतं, असं कोणी विचारलं तर मी एक आकडा सांगत नाही तो यासाठी. मे आणि ऑगस्टमध्ये त्याचं उत्तर वेगवेगळं येतं.

पेट्रोल पंपावर फिल्टर पेपरची जी चाचणी करून मिळते, तीही यावरच उभी आहे. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकतात. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, फार तर रंगाची फिकट खूण राहते. त्यात घासलेट मिसळलेलं असेल तर लांब साखळ्या मागे राहतात आणि तेलकट डाग दिसतो. या चाचणीला मर्यादा आहे. भेसळ थोडी असेल तर ती सापडेलच असं नाही. तुमच्या फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल असतं, त्यामुळे त्याचा डाग राहणारच. ती चाचणी ऑइल टाकण्याआधीच्या पेट्रोलवरच करायची.

आता महिनाभर पडलेल्या पेट्रोलकडे येऊ. अडीच लिटर रिकामी जागा असलेल्या कॅनमध्ये पहाटे 25 अंशांना साधारण अडीच ग्रॅम पेट्रोल वाफेच्या रूपात असतं. ती सगळी वाफ बाहेर गेली आणि झाकण लावल्यावर नवी तयार झाली, तर एका उघडण्याला तीन-चार मिलिलिटर गेले. दुपारी उघडलात तर जास्त, कारण तेव्हा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या अगदी जवळ असतो आणि पेट्रोल उकळण्याच्या बेतात असतं. रोज एकदा उघडलं तर महिन्याला शंभर मिलिलिटरच्या आसपास. झाकण सैल असेल तर दिवसा वाफ बाहेर आणि रात्री हवा आत, असा कॅनचा श्वास चालू राहतो. ते नुकसान वेगळं. काही प्लास्टिकच्या भिंतीतूनही पेट्रोल झिरपतं.

अडीच लिटरात शंभर मिलिलिटर हा तोटा पैशात किरकोळ वाटेल. पण गेलेला भाग सगळा हलका, चार-पाच कार्बनांचा. थंड इंजिन सुरू करायला लागतो तो नेमका हाच भाग. दोरी ओढली तेव्हा कार्बोरेटरमधून जे जातं, त्यातली वाफच पेट घेते, थेंब नाही. डिसेंबरच्या सकाळी यावल-रावेर भागात पारा दहाच्या आसपास असतो. तेव्हा ताज्या पेट्रोलचाही बाष्पदाब वीसच्या जवळ उतरलेला असतो. शिळं पेट्रोल त्याच्याही खाली. म्हणून तोच कॅन मे महिन्यात चालतो आणि थंडीत दगा देतो. अशा पेट्रोलची घनता थोडी वाढलेली असते आणि प्रयोगशाळेत आम्हाला ती हायड्रोमीटरवर दिसते. पण ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर घरी तिचा काही उपयोग नाही.

कॅनबद्दल आता स्पष्ट सांगतो. तो प्लास्टिकचा कॅन काढून टाका. पेट्रोलियम कायदा, 1934 प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंतचं पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बंद होणाऱ्या भांड्यात, आणि मोठं भांडं धातूचं, 25 लिटरच्या आतलं हवं. गळ्यापर्यंत भरू नका. 25 अंशांनी तापलं की पाच लिटर पेट्रोल शंभराहून जास्त मिलिलिटर फुगतं, त्याला जागा लागते. उलट तळाशी लिटरभर ठेवून वरचा सगळा कॅन रिकामा ठेवणंही बरं नाही. जागा जितकी मोठी तितका जास्त हलका भाग वाफेत जातो. दहा दिवसांत संपेल एवढंच आणा. शेडमध्ये खालच्या कोपऱ्यात, मोटारीच्या स्टार्टरजवळ अजिबात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि स्टार्टरच्या ठिणगीपर्यंत पोचते. फुगलेला कॅन दुपारी उघडू नका. सावलीत नेऊन ठेवा आणि पहाटे गार झाल्यावर झाकण हळूहळू सैल करा.

घासलेट फुगत नाही म्हणून ते निर्धोक, असं मात्र समजू नका. घासलेटच्या वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण 0.7 टक्क्यांवर गेलं की ती पेटू शकते, आणि बाष्पदाब 0.7 किलोपास्कल झाला की बरोबर तेवढं प्रमाण होतं. त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. घासलेटसाठी तो किमान 35 अंश असावा असा निकष आहे. आपल्याकडे मे महिन्यात शेडमधला कॅन ही हद्द सहज ओलांडतो. पुण्याच्या थंडीत घासलेटपाशी काडी ओढणं आणि खान्देशच्या उन्हाळ्यात ओढणं यात मोठं अंतर आहे. शिळं पेट्रोल घासलेटमध्ये ओतून स्टोव्ह किंवा कंदिलात वापरायचं कधीही मनात आणू नका. थोडाही हलका भाग मिसळला की मिश्रणाचा बाष्पदाब वर उडतो आणि फ्लॅश पॉइंट कितीतरी खाली येतो.

राहता राहिला पंप. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही उरत नाही. वाटीत उरलेल्या चमचाभर पेट्रोलचा हलका भाग काही दिवसांतच जातो. मागे राहिलेला जड भाग हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू चिकट होतो आणि जेटचं बारीक भोक धरतो. हा दुसरा बिघाड आहे आणि तो वरच्यापेक्षा वेगळा ओळखता येतो. जुनं पेट्रोल काढून ताजं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरा आणि दोरी ओढा. दोन-चार ओढीत नीट सुरू झाला तर फक्त हलका भाग उडाला होता. चोक दिल्यावर सुरू होऊन चोक काढताच बंद पडत असेल तर बहुधा जेट धरलेला आहे, आणि तो काढून साफ केल्याशिवाय कितीही ताजं पेट्रोल घातलं तरी पंप चालणार नाही.